मालसच्या नियमाचं प्रॅक्टिकल: cos² चा आलेख वरून वाकतोय, चूक नेमकी कुठे?

सिंहगडरोड_शंतनू
नमस्कार मंडळी. पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. परवा प्रॅक्टिकलला मालसचा नियम होता. लाल लेसर, पुढे पोलरायझर, मग अंशांची चकती असलेला फिरता अ‍ॅनलायझर, शेवटी फोटोडायोड आणि त्याला मल्टिमीटर. दर १५ अंशांना व्होल्टेज घ्यायचं आणि ते cos²θ विरुद्ध काढायचं. सरळ रेषा यायला हवी. माझी खाली सरळ आहे आणि वर जाऊन आडवी पडते.

```
कोन     मिलिव्होल्ट
०       ३३६
१५      ३३२
३०      ३१९
४५      २७८
६०      १५६
७५      ४६
९०      ६
```

लेसर हाताने झाकला तर ५ मिलिव्होल्ट दिसतात. सरांना दाखवलं तर म्हणाले, "मानवी चूक लिही आणि रेषा बिंदूंच्या मधून ने." पार्टनरने वहीत ४५ चं रीडिंग १७० करून टाकलं. मला ते करायचं नाही. ४५ ला मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा २७७-२७८ च आलं. दरवेळी तेच येतं तर ती माझ्या हाताची चूक कशी?

मृण्मयी_क
तेच रीडिंग पुन्हा पुन्हा येतंय म्हणजे उपकरण तुला काहीतरी सांगतंय. वहीत आहे तेच राहू दे, खोडू नकोस.

कोथरूडकर
पोलरॉइड स्वस्तातले असणार. कॉलेजमध्ये प्लॅस्टिकचे पत्रे कापून बसवलेले असतात, ते पूर्ण अडवत नाहीत, थोडा प्रकाश गळतोच. शिवाय खोलीतली ट्यूबलाइट. दोन्ही मिळून आलेख बिघडतो. अंधार करा, चांगले पोलरॉइड आणा, रेषा सरळ होईल.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
कोथरूडकर, गळती असते हे खरं. पण गळतीने रेषा वाकत नाही. खोलीतला उजेड प्रत्येक रीडिंगमध्ये तेवढाच मिळवला जातो, म्हणून सगळी रेषा आहे तशी वर सरकते. पोलरॉइडची गळती धरली तरी हिशेब A cos²θ + B असाच राहतो. म्हणजे रेषा सरळच, फक्त शून्यातून जाण्याऐवजी थोडी वरून सुरू होते. शंतनूची रेषा वाकलेली आहे, आणि तीही फक्त वरच्या टोकाला.

शंतनू, आधी ५ वजा कर. मग ६० अंशांचं रीडिंग ० च्या रीडिंगने भाग: १५१ भागिले ३३१, म्हणजे ०.४६. यायला हवं होतं ०.२५. आता ७५ चं ६० ने भाग: ४१ भागिले १५१, म्हणजे ०.२७. नियमानुसारही ०.२७ च. कमी उजेडात तुझं उपकरण नियम चोख पाळतंय आणि जास्त उजेडात मोडतंय. पोलरॉइडला उजेड कमी की जास्त याचं काही नसतं, त्याला फक्त कोन कळतो. उजेडाचं सोयरसुतक असतं ते डिटेक्टरला.

तीन गोष्टी सांग. फोटोडायोड कोणता? त्याच्याशी रोध किती ओहमचा आहे? आणि त्याला बॅटरी लावली आहे का?

सिंहगडरोड_शंतनू
सर, फोटोडायोडवर BPW34 आहे. बोर्डवर १० किलो-ओहम छापलंय. बॅटरी नाही, फोटोडायोडच्या दोन टोकांत रोध आणि त्याच दोन टोकांवर मीटर.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
मग सापडलं.

फोटोडायोडवर उजेड पडला की उजेडाच्या प्रमाणात प्रवाह निर्माण होतो. हे प्रमाण फार चांगलं असतं, कित्येक पटींपर्यंत टिकतं. पण तू प्रवाह मोजत नाहीस, तो प्रवाह १० किलो-ओहममधून गेल्यावर तयार होणारं व्होल्टेज मोजतोस. आणि ते व्होल्टेज त्याच डायोडच्या टोकांवर सरळ दिशेने बसतं. डायोड शेवटी डायोडच. ०.३ व्होल्टच्या आसपास तो स्वतःच वाहायला लागतो आणि उजेडाने तयार झालेला प्रवाह बाहेर तुझ्या रोधात न येता आतल्या आत वळतो.

माठाला गळ्याशी भोक आहे असं समज. पाणी भोकाच्या खाली आहे तोवर पातळी बघून किती ओतलं ते सांगता येतं. भोकाशी पोचल्यावर कितीही ओत, पातळी जेमतेम वाढते.

आकडे घालून बघ. ६० अंशांना लेसरचे १५१ मिलिव्होल्ट म्हणजे १५ मायक्रोअ‍ॅम्पिअर. तिथे भोक अजून लांब आहे, म्हणून हा आकडा भरवशाचा. त्याच्या चौपट म्हणजे ० अंशाला ६० मायक्रोअ‍ॅम्पिअर असायला हवेत आणि १० किलो-ओहमवर ६०० मिलिव्होल्ट दिसायला हवेत. हा डायोड बिनबॅटरीचा तिथवर चढणारच नाही, ३३६ ला अडकला. ४५ ला ३०० हवे होते, २७८ आले, कारण गळती नुकती सुरू झाली होती. पार्टनरने जे १७० लिहिलं ते ३३६ चं निम्मं असावं. म्हणजे चुकलेलं रीडिंग बरोबर धरून, त्याच्या शेजारचं कमी चुकलेलं रीडिंग खोटं केलं.

तापकीर_गल्ली
उपाय दोन-चार रुपयांचा. बुधवार पेठेत कुठल्याही काउंटरवर १ किलो-ओहमचा रोध मागा. १० काढून १ लावा. सर्वात जास्त व्होल्टेज ६० मिलिव्होल्ट होईल, भोकाच्या खूप खाली. मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवा, दशांशापर्यंत वाचता येईल.

दुसरा उपाय ९ व्होल्टची बॅटरी. डायोड उलटा, बॅटरी आणि रोध एकामागे एक, मीटर रोधावर. मग १० किलो-ओहम ठेवले तरी चालतात, कारण डायोडवर उलटा दाब असतो आणि तो सरळ वाहायला लागतच नाही.

प्रयोगवही
बॅटरी लावली की अंधारातलाही प्रवाह येतो ना? मग शून्य बिघडणार. आमच्या मॅडम बॅटरीला नाही म्हणायच्या.

तापकीर_गल्ली
येतो, पण BPW34 चा १० व्होल्टला साधारण २ नॅनोअ‍ॅम्पिअर. १० किलो-ओहमवर ते झाले ०.०२ मिलिव्होल्ट, या मीटरवर दिसणारसुद्धा नाहीत. खोलीतल्या उजेडाचे ५ मिलिव्होल्ट त्याच्या अडीचशे पट आहेत. मॅडमचं म्हणणं फार मंद प्रकाश मोजताना लागू पडतं, इथे नाही.

मृण्मयी_क
रोध बदलण्याआधी एक तपासणी जरूर कर, शंतनू. लेसर आणि पहिला पोलरायझर यांच्या मध्ये ट्रेसिंग पेपरचा तुकडा धर, म्हणजे सगळाच उजेड कमी होईल. मग ० आणि ६० ही दोनच रीडिंग घे. दोष डिटेक्टरचा असेल तर आता गुणोत्तर सुधारेल. पोलरॉइडचा असेल तर जसं होतं तसंच राहील. कागद दोन पोलरॉइडच्या मध्ये मात्र धरू नकोस. कागदातून जाताना प्रकाशाचं ध्रुवण विस्कटतं आणि मग तू भलतंच मोजशील.

पर्वतीचा_फोटोग्राफर
माझाही असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. माझ्याकडे कॅमेऱ्याचा सीपीएल फिल्टर आहे. पुतणीला शाळेसाठी हाच प्रयोग करून दाखवत होतो. लॅपटॉपचा स्क्रीन, पुढे फिल्टर, मागे मोबाइलचं लाइट मीटर अ‍ॅप. पूर्ण फिरवला तरी आकडा हलत नाही! फक्त रंग किंचित पिवळा-निळा होतो. माझा फोटोडायोड खराब म्हणायचा का?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
तुमचा प्रश्न वेगळा आहे, आणि मोबाइलही ठीक आहे. फिल्टर उलटा धरलाय. सीपीएलमध्ये पुढच्या बाजूला साधा पोलरायझर असतो आणि कॅमेऱ्याच्या बाजूला त्याला चिकटवलेली पाव-तरंग पट्टी. आटे असलेली बाजू स्क्रीनकडे केलीत तर प्रकाश आधी त्या पट्टीतून जातो. मग कोन कोणताही असो, साधारण निम्मा प्रकाश बाहेर पडतो. पट्टी प्रत्येक रंगाला सारखी लागू पडत नाही, म्हणून तो पिवळा-निळा फरक. आटे स्वतःकडे करून बघा.

पर्वतीचा_फोटोग्राफर
केलं. ९० ला स्क्रीन काळाठिक्कर! पुतणी आता घरातले सगळे स्क्रीन तपासत फिरतेय. धन्यवाद.

औंधची_शाळामास्तरीण
आमच्याकडे याच्या उलट झालं होतं, तेही लिहिते. लेसर नव्हता म्हणून साधा पिवळा बल्ब घेतला. पोलरॉइड आडवे-उभे केले की डोळ्याला गच्च अंधार, पण फोटोडायोडचं रीडिंग मात्र निम्म्याच्या आसपास कायम. मुलींनी दोन तास पोलरॉइड पुसले.

कारण नंतर कळलं. बल्बचा बराचसा प्रकाश अवरक्त असतो, आपल्याला न दिसणारा. सिलिकॉनचा फोटोडायोड तिथेच सर्वात तल्लख, ९०० नॅनोमीटरच्या आसपास. आणि पत्र्याचे पोलरॉइड दृश्य प्रकाशासाठी बनवलेले, अवरक्त त्यांच्यातून कसाही पार होतो. आम्ही मध्ये लाल जिलेटिन कागदही लावून पाहिला. काही उपयोग नाही, तो कागदही अवरक्त सोडतो. शेवटी लाल एलईडी लावला आणि तळ एकदम खाली गेला.

कोथरूडकरांचा मुद्दा इथे बरोबर ठरतो, पोलरॉइड खरंच गळत होते. फक्त डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात.

कोथरूडकर
हे माहीत नव्हतं. आणि गळतीने रेषा वाकत नाही हेही पटलं, कागदावर मांडून पाहिलं.

सिंहगडरोड_शंतनू
मृण्मयीताई, ट्रेसिंग पेपर लावला. ० ला ४८, ६० ला १६. पाच वजा केले की ४३ आणि ११. जवळजवळ बरोबर पाव! तेच पोलरॉइड, तेच कोन, फक्त उजेड कमी. डिटेक्टरच होता.

मग लॅब असिस्टंट काकांनी १ किलो-ओहम लावून दिला. गडबडीत पहिला पोलरायझर स्टँडवरून निघाला, परत बसवला. आता अंधाराचं रीडिंग ०.५ आहे. यावेळी १८० पर्यंत गेलो:

```
०       ६०.४
४५      ३२.५
६०      १७.२
९०      ०.७
१२०     १३.५
१३५     २७.८
१८०     ५८.९
```

वरचा वाक गेला. पण आता नवीनच. ० ते ९० चे बिंदू एका वाटेने उतरतात आणि ९० ते १८० चे दुसऱ्या वाटेने चढतात. रेषेऐवजी बारीक पान तयार झालंय, कडुलिंबाच्या पानासारखं. cos² तर दोन्हीकडे सारखाच आहे ना?

मृण्मयी_क
पान म्हणजे चकतीचं शून्य आणि पोलरायझरचा खरा अक्ष एका जागी नाहीत. पोलरायझर काढून बसवलास तेव्हाच हललं. तू cos²θ विरुद्ध काढतोयस, निसर्ग cos²(θ − δ) देतोय. ही दोन एकमेकांविरुद्ध मांडली की लंबवर्तुळच मिळतं.

प्रयोगवही
पण शून्य त्याने सर्वात जास्त रीडिंग बघूनच लावलं असेल. आम्हीही तसंच लावायचो.

मृण्मयी_क
तिथेच फसगत होते. माथ्यावर वक्र सपाट असतो. २ अंश चुकलास तर रीडिंग हजारात एकाने हलतं, ६० मिलिव्होल्टात ०.१ पेक्षा कमी. मीटरला ते दिसतही नाही. ४५ ला मात्र एका अंशाला साडेतीन टक्के फरक पडतो, म्हणजे १ मिलिव्होल्ट. शून्य शोधायचं तर उतारावर शोधावं: ४५ आणि १३५ ची रीडिंग सारखी येईपर्यंत पोलरायझर सरकवायचा.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
सहमत. पण सरकवण्याआधी पूर्ण ३६० फिरव, शंतनू. तुझ्या आकड्यांत अजून एक गोष्ट लपली आहे. शून्य कितीही चुकलेलं असू दे, ० आणि १८० एकसारखे यायलाच हवेत. पोलरॉइड अर्धा फेरा फिरवला की तो स्वतःसारखाच असतो. तुझे ६०.४ आणि ५८.९ आहेत. ३६० ला परत काय येतं ते बघ.

सिंहगडरोड_शंतनू
२२५ ला ३१.९, ३१५ ला २८.३, आणि ३६० ला ६०.३.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
छान. ३६० ला परत ६०.३ म्हणजे लेसर मधल्या वेळात मंदावला नाही. मंदावला असता तर घट वाढतच गेली असती. तुझा फरक जातो आणि परत येतो, म्हणजे तो फिरण्याशी बांधलेला आहे.

आधी δ काढू. ४५ आणि २२५ ची सरासरी ३२.२, १३५ आणि ३१५ ची २८.०५. समोरासमोरच्या जोड्या घेतल्या की फेऱ्याला एकदा येणारा हा दोष कटतो. अंधाराचे ०.५ वजा करून वजाबाकी भागिले बेरीज: ४.१५ भागिले ५९.२५, म्हणजे ०.०७०. हे sin 2δ. म्हणून 2δ = ४ अंश, δ = २ अंश. फक्त ४५ आणि १३५ वरून काढलं असतंस तर सव्वादोनच्या पुढे गेला असतास. म्हणून पूर्ण फेरा.

आता ० आणि १८० मधला दीड मिलिव्होल्ट. माझा संशय असा की अ‍ॅनलायझरच्या काचा एकमेकींना समांतर नाहीत, थोडी पाचर आहे. फिरवताना किरण थोडा वळतो आणि फोटोडायोडवर ठिपका गोल फिरतो. BPW34 चा संवेदी चौकोन जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा. ठिपका कडेला गेला की थोडा प्रकाश बाहेर सांडतो.

तापकीर_गल्ली
किंवा पत्र्यावर डाग असेल. किरण पत्र्याच्या मध्यातून जात नसेल तर फिरवताना दरवेळी वेगळ्या जागेतून जातो. तोही दोष फेऱ्याला एकदाच येतो. नुसत्या आकड्यांवरून पाचर की डाग सांगता येणार नाही.

मृण्मयी_क
आकड्यांवरून नाही, पण कागदावर दिसेल. फोटोडायोड काढून तिथे आलेखाचा कागद लाव आणि अ‍ॅनलायझर सावकाश फिरव. लेसरमध्ये डोळा घालू नकोस, कागदावरच बघ.

कोथरूडकर
मालसने १८०८ मध्ये पॅरिसला राजवाड्याच्या खिडकीवरून परावर्तित झालेला मावळतीचा प्रकाश आइसलँड स्पारच्या स्फटिकातून बघितला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. ना लेसर, ना पोलरॉइड, ना फोटोडायोड, सगळं डोळ्याने. परवापासून हे डोक्यातून जात नाहीये.

सिंहगडरोड_शंतनू
आज केलं. फोटोडायोड होता तिथे, अ‍ॅनलायझरपासून ४० सेंटिमीटरवर, कागद लावला. ठिपका खरंच गोल फिरतो. पेन्सिलीने आठ जागा खुणावल्या, साधारण १ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ झालं. आणि मुळातच ठिपका फोटोडायोडच्या एका कडेला पडत होता.

फोटोडायोड अ‍ॅनलायझरच्या मागे ५ सेंटिमीटरवर आणला, ठिपका मधोमध घेतला, पोलरायझर २ अंश फिरवला. आता ० ला ६०.५, १८० ला ६०.१, ९० ला ०.६. ४५ आणि १३५ दोन्ही ३०.४. पान मिटलं, रेषा झाली.

वहीत तिन्ही आलेख लावलेत: वाकलेला, पानाचा आणि हा. कशामुळे काय बदललं तेही लिहिलंय. सरांनी वही ठेवून घेतली आहे, उद्या बोलू म्हणाले.

दोन गोष्टी राहिल्या. ० आणि १८० मध्ये अजून ०.४ चा फरक आहे. आणि ९० च्या ०.६ मधून अंधाराचे ०.५ गेले की ०.१ उरतो, ती पोलरॉइडची गळती म्हणून लिहू का?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
०.१ हा तुझ्या मीटरचा शेवटचा अंक आहे. "गळती सहाशेत एकाहून फार जास्त नाही" एवढंच लिही. नेमकी किती हे या मीटरने सांगता येणार नाही. तेवढं हवं असेल तर फक्त ९० च्या आसपास १० किलो-ओहम परत लाव. तिथे उजेड इतका कमी असतो की माठाच्या भोकाचा प्रश्नच येत नाही.

०.४ बद्दल मला खात्री नाही. पाचरीचा उरलेला भाग असू शकतो.

तापकीर_गल्ली
मी अजून डागावरच आहे. अ‍ॅनलायझरचा पत्रा चकतीत २ मिलिमीटर बाजूला सरकवून परत ० आणि १८० घे. फरक बदलला तर डाग.

सिंहगडरोड_शंतनू
पत्रा रिंगमध्ये चिकटवलेला आहे, सरकत नाही. पण अख्खा स्टँड २ मिलिमीटर बाजूला घेता येईल. शनिवारी लॅब उघडी असते, तेव्हा करून आकडे टाकतो.